डब्लिनचे दहा, पुण्याचे किती?

डब्लिनच्या रिक्रूटरचा ईमेल येतो: मुलाखत २७ ऑक्टोबर २०२६, सकाळी १०, IST. पुण्यातला उमेदवार ते सहज भारतीय वेळ समजतो. पण आयर्लंडच्या उन्हाळी वेळेचेही संक्षिप्त नाव IST च आहे. भारतातले सकाळचे दहा म्हणजे त्या दिवशी डब्लिनमधली पहाटेची साडेचार. अशा अवेळी कोण मुलाखत घेईल? शंका यायला हवी ती इथेच.

दुसरा खड्डा तारखेत आहे. उन्हाळ्यात डब्लिन आपल्या साडेचार तास मागे असते. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, म्हणजे यंदा २५ तारखेला, तिथली घड्याळे तासभर मागे जातात आणि अंतर साडेपाच तासांचे होते. वीस तारखेला हिशेब करणारा दुपारचे अडीच धरतो; मुलाखत असते साडेतीनला. म्हणून अंतर मुलाखतीच्या तारखेचे पाहावे, ईमेलच्या तारखेचे नव्हे.

उत्तरात संक्षेप टाळून सगळे एका ओळीत लिहावे: मंगळवार, २७ ऑक्टोबर २०२६, डब्लिनचे सकाळचे १०, भारतातले दुपारचे ३:३०. महिना अक्षरांत लिहावा. वार आणि तारीख जुळली नाही, तर चूक लगेच दिसते. मग कॅलेंडरचे निमंत्रण मागवा आणि त्यात ३:३० च दिसतात का, ते तपासा. वेगळी वेळ दिसली, तर त्याच दिवशी विचारा.