पाळी बंद, स्तनातून दूध आणि मेंदूतली चार मिलिमीटरची गाठ

मूल पाच वर्षांचे झाले, अंगावर पाजणे केव्हाच सुटले, तरी स्तनातून दूध येते आणि सहा महिने पाळी नाही. शेवगाव-पाथर्डीकडची एखादी बाई नगरला येऊन एमआरआय काढते आणि अहवालात ‘पिट्युटरी मायक्रोअ‍ॅडेनोमा, ४ मिमी’ असे लिहून येते. घरात ‘मेंदूत ट्यूमर’ हा शब्द फिरतो आणि रडारड सुरू होते.

खरे तर ही गाठ मेंदूच्या तळाशी हरभऱ्याएवढ्या पीयूषिका ग्रंथीत असते आणि बहुतेक वेळा कर्करोगाची नसते. अशा बारीक गाठी काहीही त्रास नसलेल्या दहापैकी सुमारे एका माणसातही सापडतात. म्हणून गाठ दिसली एवढ्याने दोष तिचाच, असे ठरत नाही.

दूध आणणारे संप्रेरक म्हणजे प्रोलॅक्टिन. मेंदूतून येणारे डोपामिन त्याला दाबून ठेवते. प्रोलॅक्टिन वाढले की बीजकोशाला मिळणारे संदेश मंदावतात आणि पाळी थांबते. गरोदर नसलेल्या बाईत ते साधारण २५ नॅनोग्रॅमच्या आत असते. आपल्या या उदाहरणात ते ११८ आले, असे धरू.

आता पहिला प्रश्न दिवस राहिलेत का, हा. दुसरा थायरॉइडचा, ते फार मंद असले तरी प्रोलॅक्टिन वाढते. तिसरा प्रश्न मात्र हमखास राहून जातो: गोळ्या कोणत्या चालू आहेत? ॲसिडिटीसाठी सकाळी उपाशीपोटी घेतात त्या कित्येक कॅप्सूलांत डोम्पेरिडोन किंवा लेव्होसल्पिराइड मिसळलेले असते. ही औषधे डोपामिनलाच अडवतात. त्यामुळे प्रोलॅक्टिन शंभराच्या वरही जाऊ शकते. बाई ‘मी काही औषध घेत नाही’ म्हणते, कारण पित्ताची गोळी तिच्या लेखी औषधच नसते! पिशवीतली पाकिटे डॉक्टरांसमोर ओतावीत हे बरे.

अशी कॅप्सूल डॉक्टरांच्या सल्ल्याने बंद करून काही दिवसांनी पुन्हा तपासले आणि आकडा १८ आला, तर गाठ निरुपद्रवी सोबतीण होती. मानसिक आजारावरची काही औषधेही हेच करतात, पण ती मनाने कधीही बंद करू नयेत.

आकडा ९६ वरच राहिला, तर गाठच प्रोलॅक्टिन बनवत असावी. तरीही शस्त्रक्रियेची गरज सहसा पडत नाही. कॅबरगोलिनची अर्धी किंवा पाव मिलिग्रॅमची गोळी आठवड्यातून एकदा-दोनदा, रात्री जेवणानंतर घेतात. सुरुवातीला मळमळ व चक्कर येते. काही महिन्यांत दूध थांबते, पाळी येते. पण पाळी परतण्याआधीच दिवस राहू शकतात, हे जोडप्याला आधीच सांगायला हवे. दिवस राहिले तर डॉक्टर सहसा गोळी थांबवतात.

दहा मिलिमीटरच्या आतली गाठ क्वचितच वाढते. दोनेक वर्षांनी आकडा नॉर्मल असेल आणि गाठ दिसेनाशी झाली असेल तर डॉक्टर गोळी कमी करून पाहतात. मात्र अनेकींत प्रोलॅक्टिन पुन्हा चढते, म्हणून रक्ततपासणी चालू ठेवावी लागते. कडेचे दिसेनासे होणे किंवा अचानक तीव्र डोकेदुखी झाली तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये.