सातव्या दिवशी पुसली जाणारी खूण

येवल्याच्या पैठण्या ऑनलाइन विकणारं एक दुकान डोळ्यांसमोर आणा. हे एकच दुकान नाही. मी ज्यांच्या जाहिरातींचे हिशेब जुळवून देतो अशा काही दुकानांचं मिळून हे चित्र केलं आहे आणि समजायला सोपं जावं म्हणून आकडे गोळाबेरीज करून घेतले आहेत.

कोथरूडच्या एक बाई रविवारी रात्री आयफोनवर ‘येवला पैठणी’ असं शोधतात. वर आलेल्या जाहिरातीवर बोट ठेवतात आणि मुनिया काठाची, मोरपंखी रंगाची साडी उघडतात. किंमत १८,५०० रुपये. एवढी साडी कुणी बसल्या जागी घेत नाही. मुलीला विचारायचं असतं, रंग नणंदेला दाखवायचा असतं, ब्लाउज शिवून व्हायला किती दिवस लागतील याचा अंदाज घ्यायचा असतो. बाराव्या दिवशी बाई परत येतात आणि साडी घेतात. जाहिरातीच्या अहवालात मात्र ही विक्री जाहिरातीच्या खात्यात दिसतच नाही. ग्राहक थेट आला, असं तिथे नोंदलं जातं. असं महिनाभर झालं की दुकानदाराला वाटतं जाहिरात चालत नाही, आणि तो चालणारी जाहिरात बंद करून बसतो.

बाईंनी जाहिरातीवर बोट ठेवलं तेव्हा दुकानाच्या पत्त्याला `gclid` नावाची एक लांबलचक खूण जोडली गेली होती. पानावरच्या स्क्रिप्टने ती उचलून फोनमधल्या एका कुकीत लिहून ठेवली. कुकी म्हणजे ब्राउझरने त्या वेबसाइटसाठी जपून ठेवलेली छोटी चिठ्ठी. लू मोंटुली यांनी १९९४ मध्ये नेटस्केपसाठी ती शोधून काढली, ती वेबसाइटला मागचं काही आठवावं म्हणूनच. या चिठ्ठीवर मुदत ९० दिवसांची लिहिलेली होती. पण ॲपलच्या सफारी ब्राउझरने २०१९ पासून असा नियम केला आहे की पानावरच्या स्क्रिप्टने लिहिलेली कुकी, माणूस त्या साइटवर परत आला नाही तर, सात दिवसांत पुसायची. माग काढणारी म्हणून सफारीने नोंदलेल्या साइटवरून अशी खूण घेऊन माणूस आला असेल, तर ती २४ तासांतही जाऊ शकते. बाई बाराव्या दिवशी आल्या, तेव्हा चिठ्ठी उरलेलीच नव्हती.

लोक बोलतात ते बहुधा तृतीय पक्षाच्या कुकीबद्दल, म्हणजे तुम्ही एका साइटवर असताना दुसऱ्याच कंपनीने ठेवलेल्या आणि तुमच्या मागे साइटोसाइटी फिरणाऱ्या कुकीबद्दल. सफारीने ती २०२० मध्ये पूर्ण बंद केली. फायरफॉक्सने २०२२ पासून प्रत्येक साइटच्या कुकीज वेगळ्या डब्यात कोंडल्या. गुगलने क्रोममधून ती काढणार असं २०२० मध्ये जाहीर केलं, अनेकदा तारीख पुढे ढकलली आणि २०२४ मध्ये बेत सोडून दिला. पण पैठणीवाल्याचं नुकसान होतं ते त्याच्या स्वतःच्या साइटवरच्या, स्वतःच्या नावाच्या कुकीमुळे. क्रोमने बेत सोडला म्हणून त्याला दिलासा नाही.

आता दुकानाच्या महिन्याच्या वहीकडे येऊ. पैसे जमा झालेल्या ऑर्डरी १००. ब्राउझरमधून मोजणाऱ्या अहवालात ६४. उरलेल्या ३६ एकेक करून तपासल्या. १४ जणांनी यूपीआयने पैसे भरले होते. ब्राउझरमधून पैशांच्या ॲपमध्ये गेले, पिन टाकला, टिंग वाजलं आणि फोन खाली ठेवला. ‘आपली ऑर्डर मिळाली’ हे पान उघडलंच नाही आणि मोजणारी स्क्रिप्ट त्याच पानावर होती. ९ जणांच्या ब्राउझरने किंवा जाहिरात-रोधकाने स्क्रिप्ट अडवली. १३ जणांनी माग काढायला संमती दिली नव्हती. ऑर्डरीच्या नोंदीत संमतीचा वेगळा रकाना होता म्हणून हे कळलं. असा रकाना नसेल तर या ३६ वेगळ्या काढता येत नाहीत.

सर्व्हरकडून ट्रॅकिंग म्हणजे ग्राहकाच्या फोनवर अवलंबून न राहता दुकानाच्या संगणकाने स्वतः कळवणं. यूपीआयचे पैसे जमा झाले की पेमेंट गेटवे दुकानाच्या सर्व्हरला लगेच निरोप पाठवतो, मग ग्राहक पानावर परत येवो न येवो. त्या निरोपावरून सर्व्हर जाहिरात कंपनीला सांगतो: अमुक क्रमांकाची ऑर्डर, अमुक रक्कम, अमुक वेळ. वरच्या १४ इथेच परत मिळतात. स्क्रिप्ट अडल्यामुळे गेलेल्या ९ जणांनी, आपल्या नोंदीप्रमाणे, संमती दिलेली होती, म्हणून त्याही कळवता येतात. (एखाद्याने मुद्दाम जाहिरात-रोधक बसवला असेल तर त्याच्या मनात काय आहे ते उघड आहे. मी अशा ग्राहकाला संमतीच्या पाटीवर पुन्हा स्पष्ट विचारल्याशिवाय पुढे पाठवत नाही.) उरलेल्या १३ वहीत आहेत आणि दुकानाच्या स्वतःच्या बेरजेत मोजल्या जातात. बाहेर जात नाहीत.

इथे हमखास होणारी चूक सांगतो, कारण ती महिनोन्महिने लपून राहते. ब्राउझरही कळवतो आणि सर्व्हरही कळवतो, म्हणून एकच विक्री दोनदा जाते. दोन्हींवर सारखाच `event_id` असेल तर जाहिरात कंपनी त्यातली एक गाळते. एका ठिकाणी ब्राउझर `1047` पाठवत होता आणि सर्व्हर `#1047`. एवढ्या एका चिन्हाने ६४ आणि ८७ मिळून १५१ विक्री दिसू लागल्या. दुकानदार खूश होता. वहीत ऑर्डरी शंभरच होत्या. अहवालातला आकडा वहीच्या पुढे गेला की आधी हा क्रमांक तपासावा.

विक्री झाली हे कळलं, तरी ती कोणत्या जाहिरातीमुळे झाली हा प्रश्न उरतोच. कोथरूडच्या बाईंची खूण पुसली गेली होती, ती नुसत्या सर्व्हरने परत येत नाही. त्यासाठी पहिल्या भेटीतच कुकी स्क्रिप्टऐवजी सर्व्हरने लिहायला हवी:

```
Set-Cookie: ad_click=Cj0K...; Max-Age=7776000; Path=/; Secure; HttpOnly; SameSite=Lax
```

७७,७६,००० सेकंद म्हणजे ९० दिवस. सर्व्हरने लिहिलेल्या कुकीला सात दिवसांची कात्री लागत नाही. पण त्यातही अट आहे. अनेक दुकानं हे काम भाड्याच्या सेवेला देतात आणि आपल्या नावाचा एक उपपत्ता तिच्या सर्व्हरकडे वळवतात. सफारी हे २०२० पासून ओळखतो. पुढे २०२३ मध्ये तो दोन्ही सर्व्हरांचे आयपी पत्तेही ताडून पाहू लागला. पत्त्याचा पहिला अर्धा भाग जुळला नाही की पुन्हा सातच दिवस. पैसे मोजून सेवा घेतली आणि पदरात काहीच पडलं नाही, असं बऱ्याच जणांचं होतं. तपासणं सोपं आहे. मॅकवर सफारीचा वेब इन्स्पेक्टर उघडून स्टोरेजमध्ये कुकीजची यादी पाहायची. मुदत संपण्याची तारीख तीन महिने पुढची आहे की पुढच्या आठवड्यातली, ते तिथेच दिसतं.

आणि बाईंनी साडी फोनवर पाहून लॅपटॉपवर घेतली असेल तर कुठलीच कुकी कामाची नाही. तिथे दुकानाला ग्राहकाने स्वतःहून सांगितलेली माहितीच उपयोगी पडते. मी पैठणीवाल्यांना साडीच्या पानावर एक साधी सोय करायला सांगतो: ‘पदराचा व्हिडिओ व्हॉट्सॲपवर मागवा.’ पैठणी घेणाऱ्याला पदर उलटसुलट पाहायचा असतोच, म्हणून लोक आनंदाने नंबर देतात. त्या क्षणी सर्व्हर चौकशीच्या वहीत एक ओळ लिहितो: नंबर, तारीख, `gclid`. बाराव्या दिवशी त्याच नंबरावरून ऑर्डर आली की दोन ओळी जुळतात. क्लिकनंतर ९० दिवसांच्या आत ही जोडी गुगलला कळवता येते. मग कुकी कधी पुसली, फोन कोणता होता, याला महत्त्व राहत नाही.

पण नंबर व्हिडिओसाठी दिला होता, जाहिरातीच्या मोजणीसाठी नव्हे. म्हणून त्या खोक्याखाली वेगळा, आधीपासून टिक न केलेला पर्याय लागतो. युरोपीय न्यायालयाने ‘प्लॅनेट४९’ खटल्यात २०१९ मध्ये हेच सांगितलं की आधीच टिक केलेला चौकोन म्हणजे संमती नव्हे. दुकान म्युनिकमधल्या मराठी कुटुंबांसाठी युरोत किंमत लावत असेल आणि तिथे जाहिरात करत असेल, तर युरोपचा कायदा येवल्यातल्या दुकानालाही लागू होतो. तिथे कुकी सर्व्हरने लिहिली तरी आधी विचारावंच लागतं. आपल्याकडे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि संमतीच्या मुख्य तरतुदींसाठी १८ महिन्यांची मुदत आहे. त्यात संमती दिली तितक्याच सहज ती मागे घेता आली पाहिजे आणि विनंती मराठीतही वाचता आली पाहिजे. १८ वर्षांखालच्यांचा माग काढून जाहिरात दाखवायला मनाई आहे.

सेवा विकणारे सांगतात, ‘नंबर हॅश करून जातो, म्हणजे निनावीच.’ हे खरं नाही. हॅश म्हणजे नंबरापासून काढलेली एक ठराविक लांबीची अक्षरमाळ. तिच्यावरून उलट नंबर काढता येत नाही. पण भारतीय मोबाइल नंबर ६ ते ९ ने सुरू होतो आणि दहा आकडी असतो, म्हणजे एकूण शक्यता ४०० कोटी. त्या सगळ्यांचे हॅश एक चांगलं ग्राफिक्स कार्ड काही सेकंदांत काढून ताडू शकतं. शिवाय जाहिरात कंपनीला ओळख पटावी म्हणूनच तो हॅश पाठवतात. हॅश करावाच, पण तो संमतीची जागा घेत नाही. सर्व्हरवरून पाठवणाऱ्या आज्ञेच्या आधी संमतीचा रकाना तपासणारी एक ओळ असायलाच हवी, आणि ग्राहकाने उद्या ‘नको’ म्हटलं तर तो रकाना त्याच दिवशी बदलला पाहिजे. सर्व्हरने पाठवलेलं ग्राहकाला दिसत नाही. ब्राउझरमधली स्क्रिप्ट निदान त्याला अडवता येत होती. म्हणूनच ‘नाही’ म्हटलेल्यांना मागच्या दाराने पाठवायला सांगणारं काम मी घेत नाही.

त्या १३ जणांबद्दल काहीच कळत नाही असंही नाही. ऑर्डर झाल्यावर दुकान एक मोकळी ओळ ठेवतं: ‘आमच्याबद्दल कुठे कळलं?’ उत्तर द्यायची सक्ती नाही आणि ते दुकानाबाहेर जात नाही. मागच्या महिन्यात तेरांपैकी पाच जणींनी ती भरली. दोघींनी जाहिरातीचं नाव घेतलं. एकीने प्रदर्शनात कार्ड मिळाल्याचं लिहिलं. उरलेल्या दोघींची उत्तरं जवळपास सारखी होती: वन्संच्या अंगावर पाहिली, आणि जाऊबाईंनी फोटो पाठवला.