परीक्षेच्या सकाळी पोट का बिघडते?

१९४०च्या दशकात अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाचे डॉक्टर थॉमस आल्मी यांनी एक प्रयोग केला. आज कोणतीही नैतिक समिती त्याला परवानगी देणार नाही. वैद्यकीय शिक्षण घेणारा एक धडधाकट विद्यार्थी मोठ्या आतड्याच्या तपासणीसाठी स्वेच्छेने तयार झाला होता. गुदद्वारातून दुर्बीण आत घातलेली असताना डॉक्टरांनी त्याच्या देखत गंभीर चर्चा सुरू केली. आत कर्करोगाची गाठ सापडल्याचा तो ठरवून केलेला बनाव होता. मुलगा घाबरला, आणि त्याच क्षणी दुर्बिणीतून दिसणारे आतडे जोरात आवळू लागले. खरा प्रकार सांगून त्याला धीर दिल्यावर ते पुन्हा सैल पडले.

दहावीच्या पेपरला निघण्याआधी तीनदा शौचाला जाणारे मूल ‘नाटक करत नाही’, हे घरच्यांना पटवायला एवढे एक उदाहरण पुरेसे आहे. त्या मुलाच्या पोटात खरोखर मुरडा येतो, खरोखर पातळ होते. त्यात जंतूंचा काही संबंध नसतो, त्यामुळे आदल्या खेपेच्या उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या देऊन काहीही साधत नाही. उलट त्या गोळ्यांनीच जुलाब होऊ शकतात.

हे घडते कसे? मेंदूला धोका जाणवला की त्याच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमस या भागातून ‘सीआरएफ’ नावाचे रसायन सुटते. वायली व्हेल या शास्त्रज्ञाच्या गटाने १९८१ मध्ये ते ओळखले. ताणाची सगळी यंत्रणा त्याच्यापासून सुरू होते आणि पोटावर त्याचा परिणाम दुहेरी असतो. जठराचे काम मंदावते, मोठ्या आतड्याचे मात्र वाढते. म्हणूनच परीक्षेच्या दिवशी पोह्यांचा घास घशाखाली उतरत नाही, मळमळते, आणि त्याच वेळी शौचाला पळावे लागते.

एरवी लहान आतड्याकडून मोठ्या आतड्यात दिवसाला साधारण लिटर-दीड लिटर पातळ द्रव येतो. त्यातले बहुतेक पाणी शोषले जाते, म्हणून मळ बांधून होतो. आतडे घाईने सगळे पुढे ढकलू लागले की पाणी शोषायला वेळच मिळत नाही. स्नायू आवळतात ती कळ. शिवाय भेदरलेल्या माणसाच्या आतड्यांच्या नसा जास्त हळव्या झालेल्या असतात. एरवी जाणवणारही नाही इतका वायू त्याला दुखवतो.

यात सकाळची वेळ भर घालते. रात्री संथ असलेले मोठे आतडे जाग आल्यावर आपसूक हालचाल करू लागते. पोटात काही गेले की ती आणखी वाढते, आणि चहा-कॉफीने बऱ्याच जणांना लगेच कळ येते. समजा, पुण्यात खोली घेऊन राहणारी एक मुलगी एमपीएससीच्या मुलाखतीला निघाली आहे. रात्री झोप लागलेली नाही. सकाळी रिकाम्या पोटी दोन कप कडक चहा झाला आहे. पहिल्यांदा नेहमीसारखी शौचाला होते, दुसऱ्यांदा सैल, तिसऱ्यांदा नुसते थोडेसे पाणी. आता तिला मुलाखतीपेक्षा जास्त भीती ‘रिक्षात लागली तर?’ याची वाटते. ही नवी भीती तेच रसायन पुन्हा सोडते आणि चौथी कळ येते. मुलाखत आटोपली की तासा-दोन तासांत पोट शांत होते, संध्याकाळी सणकून भूक लागते. प्रसंग टळताच थांबणे, ही या त्रासाची सर्वांत स्पष्ट खूण.

हे चक्र तोडायला सर्वांत हाताशी असलेली गोष्ट म्हणजे संथ श्वास. उताणे पडून किंवा खुर्चीत टेकून एक हात छातीवर, एक बेंबीवर ठेवावा. नाकाने चार सेकंद श्वास घ्यावा, तो असा की पोटावरचा हात वर यावा आणि छातीवरचा जवळजवळ स्थिर राहावा. मग सहा सेकंद सावकाश सोडावा. म्हणजे मिनिटाला साधारण सहा श्वास. श्वास सोडताना शरीराला विसावा देणाऱ्या व्हेगस मज्जातंतूचा प्रभाव वाढतो, नाडी उतरते. पाच मिनिटे पुरतात. घाबरलेला माणूस ‘दीर्घ श्वास घे’ म्हटले की भराभरा मोठे श्वास ओढतो. त्याने चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात आणि भीती दुणावते. म्हणून श्वास मोठा घेण्यापेक्षा सावकाश सोडण्याकडे लक्ष हवे. ही सवय परीक्षेच्या दिवशी पहिल्यांदा करून पाहण्याची नाही. किमान दोन आठवडे आधीपासून, रोज रात्री अंथरुणावर ती करावी. तेव्हाच ऐन वेळी शरीर तिला ओळखते.

दुसरा उपाय कागद-पेनाचा. शिकागो विद्यापीठातल्या जेरार्डो रामिरेझ आणि सियान बायलॉक यांनी २०११ मध्ये दाखवले की परीक्षेआधी दहा मिनिटे मनातली धास्ती जशीच्या तशी लिहून काढणाऱ्या घाबरट विद्यार्थ्यांचे गुण सुधारले. या अभ्यासात पोटाची मोजणी नव्हती, एवढी मर्यादा लक्षात ठेवावी. पण ‘नापास झालो तर’, ‘वर्गात लागली तर’ हे लिहून टाकायला काही खर्च नाही.

त्या सकाळची आखणीही बदलता येते. नेहमीपेक्षा तास-दीड तास आधी उठावे, चहा घ्यायचाच तर एकच कप आणि खाण्यासोबत घ्यावा. आतड्याची सकाळची हालचाल रस्त्यात होण्यापेक्षा घरी उरकलेली बरी. आदल्या रात्री वरण-भात किंवा दही-भातासारखे सवयीचे जेवण असावे, तिखट-तळकट नको. साखर नसलेले च्युइंगगमही टाळावे, त्यातल्या सॉर्बिटॉलने पोट ढिले होते. कळ येत असेल तर पोटावर दहा-पंधरा मिनिटे गरम पाण्याची पिशवी धरावी. केंद्रावर पोचताच स्वच्छतागृह कुठे आहे ते पाहून ठेवावे; निम्मी धास्ती तिथेच कमी होते. जुलाब थांबवणारी लोपेरामाइडची गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी, आणि ताप किंवा शौचातून रक्त असेल तर मुळीच नाही.

काही लक्षणांचे खापर मात्र परीक्षेवर फोडू नये. झोपेतून उठून शौचाला धावावे लागणे, शौचातून रक्त जाणे, ताप येणे, प्रयत्न न करता वजन घटणे, यांपैकी काहीही असेल तर पोटाच्या डॉक्टरांकडे जायला हवे. परीक्षा नसतानाही महिनोन्‌महिने आठवड्यातून निदान एकदा पोट दुखत असेल आणि शौचाला जाण्याशी त्याचा संबंध असेल, तर तो आयबीएस असू शकतो, आणि त्यावर उपचार आहेत. भीतीपोटी मूल परीक्षाच टाळू लागले असेल, तर १४४१६ हा ‘टेलि-मानस’चा सरकारी क्रमांक मोफत आहे. तिथे चोवीस तास, मराठीतूनही बोलता येते.