तात्पर्य न सांगणारा वर्ग

रविवारी सकाळी दहाच्या सुमारास समाजमंदिराच्या दाराशी चपलांचा ढीग पडतो. आत सतरंजी अंथरलेली, भिंतीशी प्लॅस्टिकच्या खुर्च्यांच्या चळती, आणि पाच ते बारा वर्षांची पंधरा-वीस मुलं. गावातल्या समाजमंदिरात, शहरातल्या सोसायटीच्या हॉलमध्ये असे संस्कारवर्ग भरतात. बरेचदा क्रमही ठरलेला असतो. प्रार्थना, एखादा श्लोक, मग गोष्ट आणि शेवटी ताईंचा प्रश्न, "मग या गोष्टीवरून आपण काय शिकलो?"

"नेहमी खरं बोलावं!" मुलं एका सुरात सांगतात. दहा मिनिटांनी खेळ सुरू होतो आणि त्याच सुरात सूर मिसळलेला एखादा मुलगा पाठीवर थाप बसली तरी "मला लागलंच नाही" म्हणत हुज्जत घालतो. मुलगा लबाड आहे असं नाही. त्याला प्रश्नाचं उत्तर पाठ आहे, एवढंच. हे ओळखून काही ठिकाणी ताई-दादांनी वर्गाची रीत बदलली आहे. तिथे तात्पर्य कोणी सांगत नाही. गोष्ट मध्येच थांबते आणि खेळाचे नियम मुलांसमोर बदलतात.

मुळात गोष्ट कोणती निवडायची, इथूनच काम सुरू होतं. खरेपणा शिकवायचा म्हटलं की आपल्याला पहिल्यांदा 'लांडगा आला रे आला' आठवते. टोरांटो विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ कांग ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीच गोष्ट तपासून पाहिली. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात तीन ते सात वर्षांची मुलं होती. पाठीमागे ठेवलेलं खेळणं नुसत्या आवाजावरून ओळखायचा खेळ होता. मध्येच मोठं माणूस "वळून बघू नकोस हं" असं सांगून खोलीबाहेर जाई. परत आल्यावर ते मुलाला एक गोष्ट वाचून दाखवी आणि मग विचारी, "तू वळून बघितलंस का?"

लांडग्याची गोष्ट ऐकलेली मुलं काही जास्त खरं बोलली नाहीत. खोटं बोललं की नाक लांब होणाऱ्या पिनोकिओच्या गोष्टीनेही फरक पडला नाही. फरक पडला तो जॉर्ज वॉशिंग्टनच्या गोष्टीने. छोटा जॉर्ज वडिलांचं चेरीचं झाड तोडतो, स्वतःहून कबूल करतो आणि वडील त्याच्या खरेपणावर खूश होतात. ही गोष्ट दंतकथाच आहे, पण मुलांना ती पुरली. संशोधकांनी तिचा शेवट फिरवून जॉर्ज खोटं बोलतो आणि त्याचं वाईट होतं असा केला, तेव्हा तिचा परिणाम नाहीसा झाला. खोट्याची शिक्षा ऐकून मुलाला भीती कळते. पण खरं बोलून टाकलं तर पुढे काय होतं, हे त्याला गोष्टीत दिसायला लागतं.

मराठी वर्गाला अशा गोष्टी शोधत लांब जावं लागत नाही. साने गुरुजींनी 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली 'श्यामची आई' याच जातीची आहे. मोठा झालेला श्याम रात्री सोबत्यांना आपल्या लहानपणच्या आठवणी सांगतो आणि त्यांत त्याच्या स्वतःच्या चुकाच अनेक असतात. चुकलेला मुलगाच गोष्ट सांगतोय म्हटल्यावर समोरच्या मुलाला लपायची गरज उरत नाही.

प्राण्यांच्या गोष्टींबाबत मात्र थोडं जपून. वाटून घेण्याविषयीची एकच गोष्ट टोरांटोतच काही मुलांना माणसांची पात्रं घालून आणि काहींना माणसांसारख्या वागणाऱ्या प्राण्यांची पात्रं घालून वाचून दाखवली गेली. त्यानंतर आपले स्टिकर दुसऱ्याला देण्यात माणसांची गोष्ट ऐकलेली मुलं पुढे होती. म्हणून ससा-कासव टाकून द्यायचे असं नाही. लहान मुलांना ते हवेच असतात. फक्त गोष्ट संपल्यावर ती आपल्या जिन्यात, आपल्या शाळेच्या रिक्षात आणावी लागते.

गोष्ट मध्येच थांबवायची म्हणजे काय, हे एका नमुन्यावरून पाहू. बालमानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांच्या 1932 सालच्या पुस्तकातला प्रसंग मराठी घरात आणला, तर असा होईल. राजूला आई जेवायला हाक मारते. तो दार ढकलतो. दारामागे खुर्चीवर कपांचा ट्रे आहे हे त्याला ठाऊक नसतं. पंधराच्या पंधरा कप फुटतात. दुसऱ्या घरात आई बाहेर गेल्यावर मनू फडताळावरची मुरांब्याची बरणी चोरून काढायला जातो आणि एक कप फुटतो. इथे ताई थांबतात. "जास्त चूक कोणाची?"

पाच-सहा वर्षांची बरीच मुलं राजूकडे बोट दाखवतात. पंधरा कप म्हणजे केवढे! नऊ-दहा वर्षांची मुलं म्हणतात, "पण त्याला माहीत कुठे होतं?" पियाजेंनाही साधारण हेच आढळलं होतं. लहानांना नुकसान आधी दिसतं, हेतू नंतर. ताईंनी इथे बरोबर उत्तर सांगून टाकलं, तर लहानगी ते पाठ करतील आणि विषय संपेल. त्याऐवजी त्या लहान मुलीला विचारतात, "तुझ्या हातून न बघता दादाचं चित्र फाटलं, तर दादाने काय करावं?" आता ती स्वतः राजूच्या जागी उभी असते. तिचं मत त्याच दिवशी बदलेल असं नाही, आणि तशी घाईही नसते. वर्गात लहान-मोठी मुलं एकत्र बसवण्याचा इथे खरा फायदा होतो. ताईपेक्षा दोन वर्षांनी मोठ्या मुलाचं म्हणणं धाकट्यांच्या कानात लवकर शिरतं.

गोष्टीला वीसेक मिनिटं पुरतात. उरलेला वेळ खेळाचा, आणि खेळात नियमच बोलतो. 'विषामृत' घ्या. ज्याच्यावर राज्य, त्याने "विष" म्हणून शिवलं की गडी जागच्या जागी थिजतो. दुसऱ्याने येऊन "अमृत" म्हणत हात लावला, तरच तो सुटतो. सोडवायला जाणाऱ्यालाही शिवलं जाण्याचा धोका असतो. कोण धावतं, कोण कोपऱ्यात सुरक्षित उभं राहतं आणि कोणाला कोणीच सोडवायला जात नाही, हे ताईंना पाच मिनिटांत दिसतं. शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. पुढच्या डावात त्या मुलालाच दोनदा अमृत देण्याची मुभा मिळते, म्हणजे सगळे त्याला हाका मारू लागतात.

संगीत खुर्चीचं उलट आहे. सगळ्यांत हळू मूल पहिल्यांदा बाद होतं आणि उरलेला वेळ भिंतीला टेकून बसतं. कॅनडातले टेरी ऑर्लिक यांनी 1978 साली सहकारी खेळांचं पुस्तक काढलं. त्यात खुर्च्या कमी होतात, मुलं होत नाहीत. उरलेल्या खुर्च्यांवर सगळ्यांनी मावायचं. हॉलमधल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्यांचे पाय एवढं वजन पेलत नाहीत आणि गुळगुळीत फरशीवर वर्तमानपत्राचं पान सरकतं. म्हणून खडूने गोल आखतात आणि दर फेरीला एक गोल पुसतात.

तरीही आठवड्याचा एक तास हा एकच तास असतो. टोरांटोतल्या मुलांचा खरेपणा गोष्ट ऐकल्याबरोबर मोजला होता, महिन्याभराने नव्हे. मोठ्या मुलांनी रडीचा डाव खेळला की धाकटीही तेच उचलतात. बक्षिसाचं चॉकलेट आलं की मुलं पुन्हा ताईंना आवडेल तेच बोलू लागतात. म्हणून वर्ग जमतोय की नाही, हे मुलांच्या उत्तरांवरून ओळखता येत नाही. खेळात ओरडा चालू असताना, कोणीही पाहिलेलं नसताना, एखादा मुलगा थांबतो आणि म्हणतो, "ताई, मला लागलं होतं." ताई मान हलवतात, राज्य त्याच्यावर येतं आणि खेळ पुढे सुरू होतो.