ब्रॅकेटचा वेल्ड किती जाड हवा?

कारखान्याच्या शेडमध्ये मान वर करून पाहिले, की खांबांना बाजूने जोडलेल्या पोलादी प्लेटा दिसतात. कुठे त्यांच्यावर यंत्राचा प्लॅटफॉर्म उभा असतो, कुठे पाइपांची रांग, तर कुठे मेझनाइन मजल्याचा बीम. या प्लेटा म्हणजे ब्रॅकेट. बोल्ट नसतील तर खांब आणि ब्रॅकेट यांना एकत्र धरून ठेवते ती प्लेटेच्या कडेने फिरलेली वेल्डची पट्टी. प्लेटेची कड आणि खांबाचा पृष्ठभाग यांच्या कोपऱ्यात त्रिकोणी आकारात भरलेला हा धातू म्हणजे फिलेट वेल्ड. ड्रॉइंगवर त्याच्यासाठी एक छोटा त्रिकोण आणि शेजारी एक आकडा लिहिलेला असतो, बहुतेक वेळा ६ किंवा ८. वेल्डर त्या आकड्यानुसार काम करतो. तो आकडा येतो कुठून, हे एका ब्रॅकेटचा हिशेब मांडून पाहू.

समजा, एका मेझनाइनचा बीम खांबापासून थोडा बाहेर टेकवायचा आहे. खांबाच्या दोन्ही फ्लँजवर एकेक अशा दोन प्लेटा लावल्या आहेत आणि बीम त्या दोघींवर बसतो. बीमकडून येणारा प्रत्यक्ष भार १२० किलोन्यूटन, म्हणजे साधारण १२ टन. भारतीय मानक आयएस ८०० प्रमाणे तो दीडपट धरला की १८० होतो, आणि प्रत्येक प्लेटेच्या वाट्याला ९० किलोन्यूटन येतात. प्लेट १२ मिलिमीटर जाड व ३०० मिलिमीटर उंच आहे, तर खांबाचा फ्लँज १६ मिलिमीटर जाड. प्लेट फ्लँजवर टेकवून तीन बाजूंनी वेल्ड केली आहे: भारापासून दूरच्या उभ्या कडेला ३०० मिलिमीटर, वर १५० आणि खाली १५०. एकूण लांबी झाली ६०० मिलिमीटर. आकार कंसासारखा, आणि त्याचे तोंड भाराकडे.

इथे पहिला मोह होतो तो सरळ भागाकाराचा. ९० हजार न्यूटनना ६०० मिलिमीटरने भागले, की वेल्डच्या प्रत्येक मिलिमीटरवर १५० न्यूटन येतात. आयएस ८०० मधील आकड्यांप्रमाणे कारखान्यात केलेला १ मिलिमीटर आकाराचा फिलेट वेल्ड दर मिलिमीटर लांबीला सुमारे १३२ न्यूटन पेलतो. मग सव्वा मिलिमीटरचा वेल्डसुद्धा पुरेसा ठरायला हवा. पण हा हिशेब एक गोष्ट विसरतो. भार वेल्डवर बसलेला नाही, तो बाजूला आहे. पाण्याने भरलेली बादली अंगाशी धरली तर हात सहज पेलतो, तीच हात लांब करून धरली की खांदा ओढला जातो. वजन तेवढेच राहते, खांद्यावरचा ताण मात्र अंतराबरोबर वाढत जातो. ब्रॅकेटच्या वेल्डवर नेमके हेच घडते, फक्त इथे ओढ ही पिळाच्या रूपात येते.

पिळाचे माप काढायला आधी वेल्डचा गुरुत्वमध्य शोधावा लागतो, कारण प्लेट फिरू पाहते ती त्या बिंदूभोवती. आपल्या कंसात उभी रेघ आडव्या दोन रेघांच्या बेरजेइतकीच लांब आहे, म्हणून हा बिंदू उभ्या वेल्डपासून ३७.५ मिलिमीटरवर येतो. आडव्या वेल्डची मोकळी टोके त्याच्यापासून ११२.५ मिलिमीटर पुढे आहेत. भार त्या टोकांच्याही पुढे २०० मिलिमीटरवर आहे असे धरू. मग भार आणि गुरुत्वमध्य यांच्यातले आडवे अंतर ३१२.५ मिलिमीटर झाले. याला उत्केंद्रता म्हणतात. ९० किलोन्यूटनना या अंतराने गुणले, की पिळाचे आघूर्ण निघते: सुमारे २८ किलोन्यूटन-मीटर.

हा पीळ वेल्डच्या सगळ्या भागांवर सारखा पडत नाही. गुरुत्वमध्यापासून जो भाग जितका लांब, तितका त्याच्यावर ताण जास्त. म्हणून वेल्डच्या प्रत्येक कणाच्या अंतराचा वर्ग घेऊन बेरीज करतात. तिला ध्रुवीय जडत्व आघूर्ण म्हणतात, आणि आपल्या कंसासाठी ती सुमारे १ कोटी ४ लाख घन मिलिमीटर येते. सर्वांत दूरचे बिंदू कोणते? आडव्या वेल्डची दोन मोकळी टोके. ती गुरुत्वमध्यापासून ११२.५ आडवी आणि १५० उभी, म्हणजे तिरकी १८७.५ मिलिमीटरवर आहेत. तिथे पिळामुळे दर मिलिमीटरला सुमारे ५०७ न्यूटन येतात. हा जोर त्या टोकाला गुरुत्वमध्याशी जोडणाऱ्या रेषेला काटकोनात असतो. त्याचे दोन भाग केले तर ४०५ न्यूटन आडवे आणि ३०४ न्यूटन खाली.

आता पहिल्या भागाकारातले १५० न्यूटन आठवायचे. तेही खालीच आहेत. म्हणजे मोकळ्या टोकाशी दोन्ही जोर एकाच दिशेने ओढतात, आणि उभ्या दिशेचा आकडा ४५४ होतो. आडव्या ४०५ शी काटकोन त्रिकोणाच्या नियमाने जोडला की एकत्रित ताण निघतो दर मिलिमीटरला ६०९ न्यूटन. दूरच्या उभ्या वेल्डच्या कोपऱ्यात पिळाचा उभा भाग उलट वर ओढतो, त्यामुळे तिथे हाच आकडा ४०८ वरच थांबतो. सरासरीवरून दिसणारा १५० कुठे आणि टोकावरचा ६०९ कुठे! भार वाढला नाही, फक्त तो बाजूला गेला, आणि गरज चौपट झाली.

६०९ ला १३२ ने भागले की ४.६ येतात, म्हणजे कारखान्यात वेल्ड केल्यास ५ मिलिमीटर आकार चालेल. पण हाच वेल्ड जागेवर, शिडीवर उभे राहून करायचा असेल तर मानक जास्त सावध होते. कारखान्यातल्या वेल्डसाठी सुरक्षा गुणक १.२५ आहे, तर साइटवरच्या वेल्डसाठी १.५. मग १ मिलिमीटर आकाराची ताकद ११० न्यूटनांपर्यंत उतरते आणि गरज ५.५ मिलिमीटरपर्यंत चढते. म्हणून ड्रॉइंगवर ६ लिहायचे. हा ६ अजून दोन चाळण्यांतून जातो. १० ते २० मिलिमीटर जाडीच्या भागाला किमान ५ चा वेल्ड हवा, कारण जाड पोलाद उष्णता भराभर ओढून घेते. त्यावर घातलेला बारीक वेल्ड फार वेगाने थंड होतो आणि त्याला तडे जाण्याचा धोका असतो. आणि प्लेटेच्या चौकोनी कडेवर वेल्ड प्लेटेच्या जाडीपेक्षा दीड मिलिमीटर कमीच असावा, म्हणजे आपल्याकडे १०.५ पेक्षा जास्त नाही. एरवी कड वितळून नाहीशी होते आणि वेल्डचे खरे माप कळत नाही. ६ या दोन्हींत बसतो.

समजा, नंतर बीम १०० मिलिमीटर आणखी बाहेर सरकवावा लागला. भार तोच. टोकावरचा ताण ६०९ वरून ७६८ वर जातो आणि साइटवर ६ चा वेल्ड अपुरा पडतो, ७ लागतो. जुन्या ब्रॅकेटवर बीमची जागा हलवताना वजन तेवढेच आहे म्हणून नवा हिशेब टाळणे धोक्याचे ठरते ते यामुळे.

ताण कमी करायचा असेल तर वेल्ड जाड करणे हा सर्वांत महागडा मार्ग आहे. वेल्डच्या त्रिकोणाचे क्षेत्रफळ आकाराच्या वर्गाने वाढते, त्यामुळे ६ ऐवजी ८ केला की सुमारे ७८ टक्के जास्त धातू लागतो. तेवढी उष्णता वाढते आणि प्लेट वाकण्याचा संभवही वाढतो. त्याऐवजी प्लेटेची उंची ३०० वरून ४०० करून पाहा. वेल्डची लांबी सतरा टक्के वाढते, पण उंचीमुळे पिळाला विरोध करणारी बेरीज इतकी वाढते की टोकावरचा ताण ६०९ वरून ४३२ वर येतो. मग साइटवरही ५ चा वेल्ड पुरतो, आणि एकूण वेल्ड धातू सुमारे १९ टक्क्यांनी कमी लागतो.

कागदावर सर्वांत जास्त ताण घेणारी जागा मोकळे टोक आहे, आणि नेमके तिथेच वेल्डर रॉड लावतो किंवा उचलतो. रॉड उचलताना वेल्डच्या शेवटी एक खळगा उरतो. तिथे धातू कमी असतो, आणि तडाही बहुधा तिथूनच सुरू होतो. म्हणूनच मानक हिशेबातल्या लांबीतून दोन टोकांसाठी वेल्डच्या आकाराची दुप्पट लांबी वजा करायला सांगते. १५० मिलिमीटर प्रभावी लांबी हवी असेल तर वेल्ड १५६ किंवा त्याहून थोडा जास्त काढावा लागतो, आणि प्लेट फ्लँजवर तितकी जास्त टेकवलेली हवी. चांगला वेल्डर शेवटी रॉड क्षणभर थांबवून थोडा मागे आणतो आणि खळगा भरतो. आतल्या दोन कोपऱ्यांत तो रॉड उचलतच नाही, सलग वळवून पुढे जातो.

तपासणारा निरीक्षक गेज लावतो ते दोन गोष्टींसाठी. दोन्ही पाय सारखे नसतील तर लहान पाय हाच वेल्डचा आकार. आणि वेल्डचा पृष्ठभाग खोलगट असेल, तर पाय ६ भरले तरी मधली जाडी, म्हणजे थ्रोट, कमी असते. थ्रोट आकाराच्या ०.७ पट धरलेला असल्यामुळे ६ च्या वेल्डला तो ४.२ मिलिमीटर भरायलाच हवा. प्लेट आणि फ्लँज यांच्यात फट राहिली असेल, तर बाहेरून मोजलेल्या पायातली तेवढी जाडी आत कामाला येत नाही; फटीइतका आकार वाढवावा लागतो. टोकांवर तड्याचा संशय आला, तर रंगद्रव्य लावून करायच्या चाचणीत, ज्याला शॉपफ्लोअरवर डीपी टेस्ट म्हणतात, केसासारखी चीरही लाल रेघ होऊन दिसते.

या हिशेबाच्या मर्यादाही आहेत. तो वेल्डला पूर्ण लवचीक मानतो. प्रत्यक्षात टोक थोडे ताणले की शेजारचा वेल्ड भार घेतो, म्हणून ही पद्धत सहसा सुरक्षित बाजूला चुकते. पण ती फक्त भार प्लेटेच्या पातळीतच असेल तर चालते. भार प्लेटेच्या पातळीबाहेर गेला की पीळ जाऊन वाकणे येते आणि सूत्र बदलते. आणि ब्रॅकेटवर मेझनाइनऐवजी दिवसभर फिरणाऱ्या क्रेनचा गर्डर बसला, तर ६०९ चा आकडा पुरत नाही. तोच ताण लाखो वेळा येत-जात राहतो आणि त्या थकव्याची तपासणी वेगळी करावी लागते.