विश्लेषण : गेममधील वेगवान मोटारीमागे ‘भूत’ का दिसते?

रेसिंग गेममध्ये लाल मोटार राखाडी रस्त्यावरून सुसाट जाते आणि तिच्या मागे तिचीच फिकट, पारदर्शक सावली काही क्षण रेंगाळते. गेम खेळणाऱ्यांच्या बोलीत याला ‘घोस्टिंग’ म्हणतात. अनेकांना हा टीव्हीचा किंवा मॉनिटरचा दोष वाटतो. संथ पॅनेलमुळेही शेपूट दिसते, हे खरे. पण स्क्रीनशॉट घेतल्यावर त्यातही भूत दिसले, तर पॅनेल निर्दोष आहे. दोष ‘टेम्पोरल अँटी-अलायझिंग’ म्हणजेच ‘टीएए’ या तंत्राचा असण्याची शक्यता मोठी.

हे तंत्र करते काय?

पडदा चौकोनी पिक्सेलांचा असल्याने तिरप्या कडा जिन्यासारख्या दिसतात. कड गुळगुळीत करायची, तर एका पिक्सेलच्या आत अनेक ठिकाणी रंग मोजून त्यांची सरासरी घ्यावी लागते. एकाच फ्रेममध्ये हे काम महागडे पडते. टीएए ते काम काळात पसरवते. प्रत्येक फ्रेमला कॅमेरा एका पिक्सेलपेक्षाही कमी अंतराने किंचित हलवला जातो, त्यामुळे दर फ्रेमला पिक्सेलमधल्या वेगळ्या बिंदूचा रंग मिळतो. तो आधी साठवलेल्या चित्रात, म्हणजे ‘हिस्टरी’त, थोडाथोडा मिसळला जातो. साधारण प्रमाण असे :

```
नवा रंग = ०.१ × आताचा रंग + ०.९ × हिस्टरीतील रंग
```

दृश्य स्थिर असेल तर काही फ्रेममध्ये कडा सुरेख गुळगुळीत होतात, तेही जवळजवळ फुकटात. एपिक गेम्सचे ब्रायन कारिस यांनी २०१४ मध्ये ‘सिग्राफ’ परिषदेत अनरिअल इंजिन ४ मधील अशी पद्धत मांडली. त्यानंतर ती मोठ्या गेममध्ये सर्रास दिसू लागली.

मग भूत येते कुठून?

भूत त्या ०.९ मध्येच दडलेले आहे. समजा, कॅमेरा स्थिर आहे, पडदा १९२० पिक्सेल रुंद आहे आणि गेम सेकंदाला ६० फ्रेम या गतीने चालतो. मोटार दोन सेकंदांत पडदा ओलांडते, म्हणजे दर फ्रेमला ती १६ पिक्सेल पुढे सरकते. ती ३२० पिक्सेल लांब असेल, तर रस्त्यावरचा एखादा पिक्सेल २० फ्रेम तिच्याखाली राहतो. तेवढ्या वेळात हिस्टरीत सुमारे ८८ टक्के लाल रंग साचतो. मोटार निघून गेली की दर फ्रेमला त्यातला फक्त दहावा हिस्सा पुसला जातो. सात फ्रेमनंतरही सुमारे ४२ टक्के लाल उरतो आणि तो १० टक्क्यांखाली यायला २१ फ्रेम लागतात. तोवर मोटार ३३६ पिक्सेल पुढे गेलेली असते, म्हणजे शेपूट मोटारीपेक्षा लांब! पुढच्या बाजूला नेमके उलटे होते. बंपर जिथे नुकता पोहोचला, तिथे पहिल्या फ्रेमला फक्त १० टक्के लाल दिसतो. मोटारीचे तोंडच काचेचे झाल्यासारखे भासते.

मोशन व्हेक्टरने काय सुधारते?

इथली चूक अशी की, पिक्सेल हिस्टरीत स्वतःच्याच जागी पाहत होता. त्या जागी आता दिसणारी वस्तू मागच्या फ्रेममध्ये कुठे होती, हे त्याने विचारायला हवे. त्यासाठी वस्तूचा प्रत्येक बिंदू दोनदा पडद्यावर मांडला जातो. एकदा वस्तूच्या व कॅमेऱ्याच्या आताच्या स्थितीनुसार आणि एकदा मागच्या फ्रेममधल्या स्थितीनुसार. या दोन जागांमधील फरक म्हणजे मोशन व्हेक्टर. आपल्या मोटारीसाठी तो १६ पिक्सेल आहे, म्हणून तिच्यावरचा पिक्सेल हिस्टरीत १६ पिक्सेल मागे जाऊन रंग उचलतो. तिथे मोटारीचाच तो भाग सापडतो. तोंड पुन्हा भरीव होते, दरवाजाची कड गुळगुळीत राहते. धावणाऱ्या माणसाच्या बाबतीत मागच्या फ्रेममधील सांगाड्याची स्थितीही जपून ठेवावी लागते, नाहीतर धड नीट दिसते आणि हातपाय धूसर होतात.

एवढ्यावर प्रश्न सुटला, असा समज बऱ्याच ठिकाणी आढळतो. तो चुकीचा आहे. मोटारीमागे नुकताच उघडा पडलेला रस्ता पाहा. रस्ता हललेला नाही, त्याचा मोशन व्हेक्टर शून्य आहे आणि तो अगदी बरोबर आहे. पण त्या जागी हिस्टरीत रस्ता नव्हताच, मोटार होती. पत्ता योग्य, पण त्या पत्त्यावर राहणारा दुसराच! शेपूट जसेच्या तसे राहते.

हिस्टरीला लगाम कसा घालतात?

इथे ‘हिस्टरी क्लॅम्पिंग’ कामाला येते. आताच्या फ्रेममधील पिक्सेल आणि त्याच्या भोवतीचे आठ शेजारी, अशा नऊ रंगांत किमान आणि कमाल किती, ते पाहतात. हिस्टरीतील रंग या मर्यादेबाहेर असेल तर तो ओढून काठावर आणतात. रस्त्याचे रंग लाल, हिरव्या आणि निळ्या या तिन्ही घटकांत ९५ ते १०५ आहेत आणि हिस्टरीत मोटारीचा (२००, ३०, ३०) हा रंग आहे, असे धरा. क्लॅम्पिंगनंतर तो (१०५, ९५, ९५) होतो. आताच्या १०० मध्ये मिसळल्यावर उरते ती डोळ्यांना जेमतेम जाणवणारी लाली. शेपूट एका फ्रेममध्ये गेले.

रस्त्यावर झाडाची सावली असेल, तर मात्र गंमत होते. सावलीच्या कडेला शेजाऱ्यांचे रंग ४० पासून १८० पर्यंत पसरतात. प्रत्येक घटक वेगळा मोजल्यास (१८०, ४०, ४०) हा रंगही मर्यादेत बसतो, आणि तो चक्क लाल आहे! नऊ शेजाऱ्यांत एकही लाल नसताना भूत आत शिरते. म्हणून रंग आधी वायकोसीजी पद्धतीत बदलतात. त्यात उजेड एका घटकात आणि रंगछटा दोन घटकांत असते. राखाडी शेजाऱ्यांची छटा शून्य असल्याने लाली तिथेच कापली जाते. मागे उरला तर थोडा उजेडातला फरक उरतो.

तरीही काही वेळा भूत का राहते?

गवत, जाळीचे कुंपण, पानांची गर्दी अशा पार्श्वभूमीवर शेजारीच इतके रंगीबेरंगी असतात, की मर्यादा रुंद होते आणि जुना रंग निभावून जातो. यावर मार्को साल्वी यांनी २०१६ मध्ये मांडलेला उपाय वापरतात : किमान-कमाल न घेता सरासरीच्या दोन्ही बाजूंना प्रमाण विचलनाइतकीच जागा द्यायची. पण लगाम फार आवळला तर दुसरे दुखणे सुरू होते. आकाशातली विजेची बारीक तार काही फ्रेममध्ये नऊ पिक्सेलांपैकी एकातही पकडली जात नाही. त्या फ्रेममध्ये हिस्टरीतील तार ‘चुकीची’ ठरून पुसली जाते, पुढच्या फ्रेमला परत येते आणि तार लुकलुकते. भूत आणि लुकलुक यांच्यातील ही ओढाताण प्रत्येक गेमला आपापल्या परीने सोडवावी लागते.

दोष नेमका कुठे आहे, हे बारकाईने पाहिल्यास ओळखता येते. संपूर्ण वस्तूच धूसर किंवा पारदर्शक दिसत असेल, तर तिचे मोशन व्हेक्टर नाहीत किंवा चुकले आहेत. धूर, ठिणग्या, काच यांच्याबाबत हे नेहमीचे, कारण त्या बहुधा मोशन व्हेक्टर लिहीतच नाहीत. वस्तू स्वच्छ आहे, पण मागे शेपूट आहे आणि तेही फक्त गवतासारख्या गजबजलेल्या भागावर, तर मर्यादा रुंद पडते आहे. आणि मोटारीची सावली रस्त्यावर रेंगाळत असेल, तर मोशन व्हेक्टरकडून आशाच नको. रस्ता स्थिर आहे, सरकते ती केवळ सावली. तिथे सगळी भिस्त क्लॅम्पिंगवरच असते.