चुकून गेलेल्या मेलच्या मागून जाणारा मेल

पुण्यातले एक लहान मुद्रणालय आणि कोल्हापूरकडची एक पतसंस्था अशी जोडी कल्पनेने समोर आणू या. संस्थेची सुवर्णमहोत्सवी स्मरणिका छापायला आली आहे. मजकूर लागला आहे, पहिले प्रूफ वाचून परत आले आहे, आणि मुद्रणालयातल्या ताई संस्थेच्या सचिवांना दुसऱ्या प्रुफाबद्दल मेल लिहीत बसल्या आहेत. सवयीप्रमाणे त्यांनी इकडून तिकडून तुकडे आणून मेलमध्ये टाकले आहेत. काही जुन्या दरपत्रकातले, काही मांडणीच्या फाइलमधले, काही स्वतःसाठी लिहिलेल्या नोंदी. हे सगळे निस्तरून मग नीट मेल करायचा, असा बेत. तेवढ्यात मेल जातो. सचिवांच्या पडद्यावर हे उमटते:

> नमस्कार, पान ३४ वरची दुरुस्ती केली आहे. laLFksps v/;{k यांचे मनोगत नव्या
> १५०० प्रती – एकूण १,४२,००० रु.
> जुना फोटो चांगला असताना नवीन कशाला हवा?? विचार
> प्लेटा उद्या की

मेल न पाठवता गेला कसा, हे आधी पाहू. मजकूर चिकटवताना आपण Ctrl आणि V दाबतो, आणि पुढची ओळ सुरू करायला लगेच Enter. घाईत Ctrl वरचे बोट उचलायचे राहिले, तर संगणकाला Ctrl आणि Enter एकत्र दाबल्याचे कळते, आणि जीमेलमध्ये त्या जोडीचा अर्थ ‘पाठवा’ असा आहे. आउटलुकमध्येही ती जोडी मेल पाठवते. तिथे निदान ती सोय सेटिंगमधून बंद करता येते. तुकडे चिकटवून मेल लिहिणाऱ्यांच्या हातून असे अर्धवट मेल जातात त्याचे एक कारण हेच.

मधली विचित्र अक्षरे म्हणजे ‘संस्थेचे अध्यक्ष’ हेच शब्द आहेत. छपाईच्या धंद्यात युनिकोडच्या आधीचे कृतिदेवसारखे फॉन्ट अजून वापरात आहेत. त्यांत देवनागरी अक्षराचे नुसते चित्र इंग्रजी अक्षराच्या जागी बसवलेले असते. फॉन्ट असेपर्यंत ‘स’ दिसतो. मेलमध्ये तो फॉन्ट जात नाही, म्हणून खालचे इंग्रजी l उघडे पडते. ताईंना हे पाहताक्षणी कळते. सचिवांना मात्र वाटते की मेल हॅक झाला, नाहीतर आपल्या संगणकात काहीतरी शिरले.

आता पहिली धडपड होते ती मेल परत ओढण्याची. जीमेलमध्ये पाठवल्यावर खाली Undo असा पर्याय दिसतो, पण मुळात ती मुदत फक्त ५ सेकंदांची असते. सेटिंगमध्ये जाऊन ती १०, २० किंवा जास्तीत जास्त ३० सेकंद करता येते, आणि ज्यांचे व्यवहार मेलवर चालतात त्यांनी ती आजच ३० करून ठेवावी. पण यात गेलेला मेल परत येतो असे नाही. जीमेल तो तेवढे सेकंद पाठवतच नाही, स्वतःकडे धरून ठेवते. मुदत संपली की मेल समोरच्याच्या सर्व्हरकडे जातो. ही देवाणघेवाण ज्या पद्धतीने चालते ती १९८२ साली ठरलेली एसएमटीपी. तिच्यात समोरच्या सर्व्हरने ‘मिळाला’ अशी पोच दिली की मेलची जबाबदारी त्याची होते, आणि ‘परत दे’ म्हणण्याची तरतूद त्या पद्धतीत नाही. व्हॉट्सॲपवर दोन्ही टोके एकाच कंपनीच्या ताब्यात असल्याने तिथे निरोप पुसता येतो. मेलमध्ये तसे नसते. आउटलुकमध्ये मेल मागे घेण्याची सोय आहे, पण ती एकाच संस्थेच्या आतल्या मेलपुरती. बाहेरच्या ग्राहकावर ती वापरली तर मेल जागेवरच राहतो, आणि वर ‘अमुक व्यक्ती हा मेल मागे घेऊ इच्छिते’ अशी सूचना त्याला मिळू शकते. म्हणजे ज्याने वाचला नव्हता तोही उघडून बघणार.

म्हणून खरे काम दुसऱ्या मेलने करायचे असते. दिलगिरीचा मेल म्हटला की लोक दिलगिरीच लिहीत बसतात, आणि माझ्या मते इथेच चूक होते. सचिवांना त्या क्षणी हवे आहे ते एवढेच: त्या मेलमधले खरे काय, खोटे काय, आणि आता मी काय करायचे. क्षमा एका वाक्यात मागता येते. बाकी मेल या तीन उत्तरांसाठी आहे.

त्यांतही सगळ्यांत नाजूक जागा रकमेची. १,४२,००० हा आकडा १००० प्रतींचा आहे, प्रतीला १४२ रुपये या हिशेबाने. मग संस्थेने प्रती वाढवून १५०० केल्या. त्याचा दर प्रतीला १२८ रुपये, म्हणजे १,९२,००० रुपये, असा ताईंच्या मनात होता, पण अजून कळवायचा होता. अर्धवट मेलमध्ये नवी संख्या आणि जुनी रक्कम एका ओळीत आली. सचिवांनी तेवढे वाचून ‘ठीक आहे, छापा’ असे उत्तर धाडले तर प्रश्न ५०,००० रुपयांचा होतो.

कायदा इथे घड्याळाकडे बघतो. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम ५ प्रमाणे प्रस्ताव मागे घेता येतो, पण समोरच्याची स्वीकृती प्रस्ताव देणाऱ्याच्या दृष्टीने पूर्ण होण्याआधीच, त्यानंतर नाही. कलम २२ सांगते की वस्तुस्थितीबद्दल एकाच पक्षाची चूक झाली, एवढ्यावरून करार रद्द करता येत नाही. आणि माहिती तंत्रज्ञान कायद्यातले कलम १०अ मेलवरून झालेल्या कराराला, निव्वळ तो मेलवर झाला म्हणून, नाकारू देत नाही. अर्धवट, विस्कटलेला मेल हा प्रस्ताव मानायचा का, यावर वाद घालता येईल, आणि दर आधीच लेखी ठरलेला असेल तर धोका बराच कमी. पण पतसंस्थेसारख्या ग्राहकाशी असा वाद घालण्याची वेळ येऊच नये. म्हणून चुकीचा आकडा गेला असेल तर आधी फोन करावा, आणि फोन ठेवल्या ठेवल्या मेल. फोनचा दुसरा फायदा असा की मेल हॅक झाल्याची शंका आवाज ऐकून जाते. नुसता दुसरा मेल तीच शंका वाढवू शकतो, विशेषतः त्यात लिंक किंवा फाइल जोडली असेल तर. या मेलला काहीही जोडू नये.

ताईंचा मेल असा जावा:

> मा. सचिव साहेब,
> सप्रेम नमस्कार.
>
> आज दुपारी ४ वाजून १० मिनिटांनी माझ्याकडून आलेला मेल कृपया रद्द समजावा. तो अर्धवट मसुदा होता आणि तपासण्याआधीच माझ्या हातून पाठवला गेला. त्याबद्दल मी मनापासून दिलगीर आहे.
>
> त्यातली १,४२,००० रुपये ही रक्कम चुकीची आहे. ती १००० प्रतींच्या जुन्या दरपत्रकातली आहे. १५०० प्रतींचा दर प्रतीला १२८ रुपये, म्हणजे एकूण १,९२,००० रुपये असा आहे. बाकीच्या अटी पूर्वी ठरल्याप्रमाणेच. काही अक्षरे वाचता येत नाहीत ती जुन्या फॉन्टमुळे; आपल्या संगणकात काही बिघाड नाही.
>
> छायाचित्राबद्दलचे वाक्य मी लिहायला नको होते. अध्यक्ष साहेबांनी निवडलेले नवे छायाचित्रच छापले जाईल.
>
> तो मेल आपण पुढे कुणाला पाठवला असल्यास कृपया हाही त्यांना पाठवावा. दुसरे प्रूफ उद्या सकाळी ११ पर्यंत स्वतंत्र मेलने पाठवते. वरील दर मान्य असल्यास कृपया लेखी कळवावे.

यातल्या फोटोच्या वाक्यावर थोडे थांबायला हवे. पुष्कळ जण इथे ‘कृपया दुर्लक्ष करावे’ असे म्हणून पुढे जातील. आकड्याकडे दुर्लक्ष करता येते. अध्यक्षांच्या फोटोवरची टिप्पणी वाचून झालेली असते. सचिव ती विसरणार नाहीत, आणि गावाकडच्या संस्थेत ती अध्यक्षांपर्यंत पोचायला वेळ लागत नाही. ती लिहिल्याचे एका वाक्यात कबूल करावे आणि काम त्यांच्याच निवडीप्रमाणे होईल हे सांगावे. टिप्पणीमागचे कारण सांगू नये. ‘जुन्या फोटोचे रिझोल्यूशन जास्त होते म्हणून म्हटले’ हे खरे असले तरी आज ते सफाई देण्यासारखे वाटते. फोटो खरोखरच छपाईला कमी पडत असेल तर ते प्रुफाबरोबर, कामाची गोष्ट म्हणून कळवता येते.

‘गैरसोय झाली असल्यास क्षमस्व’ हेही टाळावे. गैरसोय झालीच आहे. सचिवांनी निदान दोनदा तो मेल वाचला आहे. कारणही ‘माझ्या हातून’ इथे संपते. नेट मंद होते, मुलीने कीबोर्डला हात लावला, नवीन पोरगा कामावर आहे, अशी कारणे खरी असोत की खोटी, वाचणाऱ्याला ती निमित्तेच वाटतात.

हा मेल त्याच मेलला उत्तर म्हणून पाठवावा आणि पहिला ज्यांना ज्यांना गेला त्या सगळ्यांना पाठवावा. विषय बदलू नये, कारण जीमेलमध्ये विषय बदलला की नवी साखळी सुरू होते आणि चुकीचा मेल जुन्या साखळीत शेवटचा म्हणून तसाच राहतो. महिन्याभराने बिल पास करताना कुणी ती साखळी उघडली तर १,४२,००० हाच शेवटचा शब्द दिसेल. उत्तर देताना खाली आपोआप चिकटणारा जुना मजकूर मात्र पुसावा, नाहीतर फोटोचे ते वाक्य आपणच दुसऱ्यांदा पाठवतो.

गेलेल्या मेलमध्ये दुसऱ्याच ग्राहकाची माहिती असेल, समजा दुसऱ्या बँकेच्या सभासदांची यादी, तर वरचा नमुना पुरत नाही. तेव्हा मिळालेल्याला ती यादी पुसायला आणि पुसल्याचे लेखी कळवायला सांगावे लागते, आणि जिची यादी होती त्या बँकेलाही त्याच दिवशी कळवावे लागते. ती बातमी तिला तिसऱ्याकडून कळण्यापेक्षा आपल्याकडून कळलेली बरी.

ताईंच्या बाबतीत एकच काम उरते. प्लेटा काढायला द्यायच्या नाहीत, कागद कापायला घ्यायचा नाही. १,९२,००० रुपये मान्य असल्याचे सचिवांचे लेखी उत्तर येईपर्यंत थांबायचे. फोनवर ‘हो हो, कळलं’ म्हटलेले असले तरी. उत्तर संध्याकाळपर्यंत आले नाही तर दुसऱ्या दिवशी प्रुफाच्या मेलमध्ये दराची ओळ पुन्हा घालायची, या वेळी दिलगिरीशिवाय.